हॉलमध्ये नक्की किती माणसं बसतील? फॉर्म उघडायच्या आधीचा हिशोब

मे महिना लागला की आपल्याकडं दहावी-बारावीच्या पोरांसाठी करिअर मार्गदर्शनाची शिबिरं सुरू होतात, आणि बहुतेक ठिकाणी क्रम असा असतो की आधी पाहुणे ठरतात, मग कार्यालय बुक होतं, मग पोस्टर ग्रुपवर पडतं, त्याखाली नोंदणीची लिंक, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं की अरे, घ्यायचे किती जण? तोवर फॉर्म चारशेवर गेलेला असतो. हा आकडा सगळ्यात आधी काढायचा असतो, आणि तो काढायला इंजिनिअर लागत नाही, एक टेप, एक कागद आणि दोन तास पुरतात. कसा काढायचा ते एकाच हॉलवर सगळं गणित करून दाखवतो.

परभणी-लातूरकडं तालुक्याच्या गावात असतं तसं एक मंगल कार्यालय धरा. आतून ८० फूट लांब, ४० फूट रुंद, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला मेन दार, एका बाजूला भटारखान्याकडं उघडणारं दार, आणि स्टेजच्या शेजारी मागच्या अंगणात निघणारं अजून एक दार. तीन तासांचं शिबिर आहे, पोरं आणि त्यांचे आईवडील येणार, सगळ्यांना खुर्च्यांवर बसवायचंय. मालकांना विचारलं की ते म्हणतात, "हजार माणूस आरामात बसतं की हो, लग्नात बघितलं नाही का!"

ते खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांचा आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. लग्नात हजार माणूस येतं म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत येऊन जातं. अक्षता पडताना निम्मे बाहेर मांडवात उभे असतात, शे-दोनशे जेवणाच्या पंगतीत असतात, बाकीचे आत. एकाच वेळी, एकाच छपराखाली, तीन तास जागेवर बसलेली हजार माणसं त्या कार्यालयानं कधी बघितलेलीच नसतात. म्हणून मालकाचा आकडा वहीत लिहायचा नाही. त्याऐवजी त्यांच्याकडं अग्निशमनचा दाखला मागायचा आणि त्यावर किंवा परवान्यावर माणसांची मर्यादा लिहिली असेल तर ती बघायची. लिहिलेली असेल तर ते आपलं छप्पर, आपलं गणित त्याच्या वर गेलं तरी आपण वर जायचं नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्याप्रमाणं आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे बी फॉर्म म्हणतात, ते दर सहा महिन्याला, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते मागितल्यावर मालक गडबडले तर तेही आपल्याला काहीतरी सांगून जातं.

आता दुसरा आकडा, जो थोडं वाचलेली माणसं काढतात. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये खुर्च्या मांडलेल्या सभागृहासाठी माणशी साधारण ०.६ ते ०.६५ चौरस मीटर धरतात, म्हणजे जवळपास ७ चौरस फूट. आपला हॉल ३२०० चौरस फूट, त्यातून स्टेजचे ५६० वजा केले की उरले २६४०, भागिले ७, आले ३७७. झालं, पावणेचारशे घ्या! पण हा आकडा मुळात बसवायसाठी केलेलाच नाही. जास्तीत जास्त किती गर्दी आत असू शकते हे धरून दारं किती रुंद हवीत ते ठरवायला तो वापरतात. तेवढी माणसं नीट बसतील, उठतील, चालतील असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. त्यामुळं खरं गणित खुर्च्या प्रत्यक्ष मांडूनच करावं लागतं, निदान कागदावर तरी.

तर मांडू. लांबीपासून सुरुवात करू. ८० फुटातले १४ फूट स्टेजचे गेले. स्टेज आणि पहिली रांग यात ६ फूट मोकळे हवेत, कारण तिथून पाहुणे चढणार, फोटोवाला फिरणार, आणि स्टेजच्या शेजारच्या दाराकडं जायची वाटही तीच. मागं मेन दारापाशी १० फूट सोडा, नोंदणीचं टेबल, पाण्याचे जार, उशिरा आलेली माणसं, सगळं तिथंच होणार. उरले ५० फूट. त्यात मधोमध एक आडवी वाट ४ फुटाची, बरोबर भटारखान्याकडच्या दाराच्या समोर येईल अशी, नाहीतर ते दार असून नसल्यासारखं. म्हणजे रांगांसाठी हाती आले ४६ फूट.

रांगेतलं अंतर खुर्चीच्या पाठीपासून मागच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत मोजायचं. ते ३ फूट ठेवा. साधी प्लॅस्टिकची खुर्ची पुढून मागं साधारण २२ इंच असते, ३ फुटातून २२ इंच गेले की गुडघ्यांना आणि ये-जा करायला १४ इंच राहतात. निदान १२ इंच हवेत हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. बिछायत केंद्राची पोरं खुर्च्या मांडताना नजरेनं अडीच फूट धरतात, मग राहतात ८ इंच, आणि मधल्या माणसाला बाहेर यायचं तर अख्खी रांग उभी राहते. हे तपासायला सोपं आहे, दोन रांगा मांडा, सहा जणांना बसवा आणि मधल्याला म्हणा ऊठ आणि बाहेर ये. बाकीच्यांनी नुसते पाय आखडून घेतले आणि तो निघून आला तर अंतर बरोबर, त्यांना उठावं लागलं तर कमी. ४६ फुटात ३ फुटानं बसल्या १५ रांगा.

आता रुंदी. ४० फुटातली ३ फुटाची पट्टी एका भिंतीला मोठे कूलर उभे असतात त्यात जाते, ही पट्टी हिशोबात धरायची लोक हमखास विसरतात. ३७ राहिले. दोन्ही कडेला साडेतीन-साडेतीन फुटाच्या वाटा, मधून ५ फुटाची मोठी वाट, असे १२ गेले. उरले २५ फूट, म्हणजे मधल्या वाटेच्या डावीकडं साडेबारा आणि उजवीकडं साडेबारा. एका बाजूच्या साडेबारा फुटात किती खुर्च्या? इथं खुर्चीचा प्रकार सगळं ठरवतो. हातवाली खुर्ची मांडली तर एकीला २ फूट जातात, ६ बसतात, रांगेत १२, आणि १५ रांगांच्या १८०. बिनहाताची १८ इंचाची खुर्ची चिकटून मांडली तर ८ बसतात, रांगेत १६, एकूण २४०. पण मोठ्या माणसाचे खांदे १८ इंचात मावत नाहीत, अर्धा तास भाषण असेल तर चालून जातं, तीन तासात माणूस तिरका बसायला लागतो, खुर्ची मागं सरकवतो, आणि आपण मोजून ठेवलेले ते १४ इंच संपतात. म्हणून मी अशा कार्यक्रमाला बिनहाताची खुर्ची थोडी सुटी मांडतो, एकीला २१ इंच, मग साडेबारा फुटात ७, रांगेत १४, एकूण २१०.

म्हणजे बघा, मालकाचा हजार, कोडवरून काढलेला ३७७, आणि खरा २१०. पूर्ण हॉलच्या ३२०० चौरस फुटाला २१० नं भागलं तर माणशी १५ चौरस फूट येतात. फोनवर कुणी घाईत विचारलं की आमच्या हॉलमध्ये किती बसतील, तर स्टेज-बिज सगळं धरून एकूण क्षेत्रफळाला १५ नं भागा असं मी सांगतो. तो अंदाज झाला, फॉर्म उघडायला तो पुरत नाही, पण हॉल बघायला जायचं का नाही हे ठरवायला पुरतो.

याच ठिकाणी कुणीतरी म्हणणार की मधली ५ फुटाची वाट कशाला, ती काढा आणि तिथंही खुर्च्या टाका. तसं केलं तर ३० फुटाची सलग रांग होते आणि २१ इंचानं १७ खुर्च्या बसतात, म्हणजे रांगेमागं ३ वाढल्या, एकूण ४५. मोह होतो. पण १२-१४ इंचाच्या फटीतून बाहेर पडायचं असेल तर दोन्ही टोकाला वाट असलेल्या रांगेत १४ पेक्षा जास्त खुर्च्या नकोत, आणि एकाच टोकाला वाट असेल, दुसरं टोक भिंतीला, तर ७ पेक्षा जास्त नकोत. १७ च्या रांगेत मधल्या माणसाला आठ जणांचे गुडघे ओलांडून यायला लागतं, अंधारात, लहान लेकरू कडेवर घेऊन. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ ला जे झालं त्यात हेच होतं, बाल्कनीत जादा सीट टाकल्या होत्या, त्यात एका बाजूची वाट आणि तिकडून बाहेर पडायचा रस्ता बंद झाला होता, आणि खालून ट्रान्सफॉर्मरचा धूर वर आला तेव्हा लोकांना बाहेर पडता आलं नाही. ५९ माणसं गेली, गुदमरून. तिथं जादा सीट टाकणाऱ्यानंही काही खुर्च्यांचाच हिशोब केला असणार. वाटेतली खुर्ची ही नुसती एक खुर्ची नसते, ती मागच्या सगळ्या रांगांच्या रस्त्यात असते.

खुर्च्या सुट्या असतात ही अजून एक अडचण. पळापळ झाली की पहिली पडते ती खुर्ची, आणि पडलेल्या खुर्चीत पाय अडकून पडतो तो माणूस. दोनशेच्या वर सुट्या खुर्च्या असतील तर एकमेकींना बांधायच्या असा नियम बाहेरच्या देशात आहे, आपल्याकडं कुणी करत नाही पण करायला फार काही लागत नाही. एका बाजूच्या सातमध्ये तीन आणि चार असे गट करून शेजारशेजारचे पाय केबल टायनं आवळायचे. याचा दुसरा फायदा लगेच दिसतो, लोक खुर्च्या ओढून गप्पांचे गोल करत नाहीत, आणि आखलेल्या वाटा तीन तासानंतरही तिथंच असतात.

आता दारं. खुर्च्यांचा २१० हा आकडा दारांनी मान्य केला तरच खरा.

दाराची रुंदी चौकट मोजून कळत नाही. दार पूर्ण उघडून, पल्ल्याची जाडी, कडी-कोयंडा सगळं सोडून जी मोकळी फट राहते ती मोजायची. चॅनल गेट असेल तर ते पूर्ण सरकवल्यावरही त्याची घडी एका कडेला सहज अर्धा-पाऊण फूट खाते. आपल्या हॉलचं मेन दार ५ फुटाचं, दोन पल्ल्यांचं, मोकळं १४०० मिलिमीटर. भटारखान्याकडचं मोकळं ११००. स्टेजजवळचं १०००. सपाट जमिनीवरच्या दारातून माणसं बाहेर काढायला कोडमध्ये माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी धरतात. म्हणजे दाराची मोकळी रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि ६.५ नं भागायची. मेन दार २१५ माणसांचं, भटारखान्याकडचं १६९ चं, स्टेजजवळचं १५३ चं. बेरीज ५३७. दाराबाहेर लगेच पायऱ्या असतील तर माणशी १० मिलिमीटर धरायचे, कारण पायऱ्यांवर माणूस हळू होतो. आपल्याकडं कार्यालयाचं जोतं उंच असतं, समोर चार-पाच पायऱ्या असतातच, त्या दारापेक्षा बऱ्याच रुंद असतील तर काळजी नाही, पण दाराएवढ्याच असतील तर तेच १४०० चं दार १४० माणसांचं होऊन बसतं.

ही बेरीज बघून खूश व्हायचं नसतं. त्यातून सगळ्यात मोठं दार खोडायचं आणि उरलेल्यात हॉल रिकामा होतो का ते बघायचं. कारण आग कुठं लागेल हे आपण ठरवत नाही, आणि बऱ्याच कार्यालयात विजेचा मेन बोर्ड बरोबर मेन दाराच्या शेजारीच असतो, मे महिन्यात सगळे कूलर, साउंड, लाइट एकदम चालू, लोड त्याच बोर्डावर. मेन दार खोडलं की आपल्याकडं राहिले १६९ अधिक १५३, म्हणजे ३२२. आत एकूण माणसं किती? २१० खुर्च्यांवरचे, स्टेजवर ६, कार्यकर्ते १५, साउंड आणि व्हिडिओवाले ४, झाले २३५. ३२२ मध्ये २३५ बसतात. ठीक.

पण स्टेजजवळच्या दाराला कुलूप आहे. आणि किल्ली वॉचमनकडं आहे, आणि वॉचमन जेवायला गेलाय. हे मी बनवून सांगत नाही, कुठल्याही कार्यालयात जाऊन बघा, मागचं दार चोरी होऊ नये म्हणून बंदच असतं आणि आतल्या बाजूनं त्याला गाद्या-उशांची थप्पी टेकवलेली असते. ते दार गेलं, मेन दार खोडलं, राहिलं एकच, १६९ माणसांचं. आता २३५ बसत नाहीत. एका कुलपानं १५३ माणसांची क्षमता गेली, खुर्च्या तेवढ्याच दिसतायत तरीही. तसंच मेन दाराचा एक पल्ला खालच्या कडीनं अडकवून ठेवायची सवय असते, अर्धं दार म्हणजे ७०० मिलिमीटर, म्हणजे १०७ माणसं. म्हणून माझ्या मते हॉलचं बुकिंग करतानाच लेखी घ्यायला पाहिजे की कार्यक्रम चालू असेपर्यंत तिन्ही दारं कुलूप काढून राहतील, आणि प्रत्येक दारापाशी आपला एक कार्यकर्ता नावानिशी. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का आत तेही बघा. आत उघडत असेल तर ते आधीच सताड उघडून दगड लावून ठेवा, कारण माणसांचा लोंढा दाराला टेकला की आत उघडणारं दार उघडत नाही. भटारखान्याच्या दारासमोर गॅसच्या टाक्या असतील तर त्या हलवल्याशिवाय ते दार मोजायचंच नाही.

एक आपल्याकडची गोष्ट, जी कुठल्या कोडमध्ये सापडणार नाही. कुणीतरी सुचवणार की खुर्च्या कशाला, सतरंज्या टाका, भारतीय बैठक, दुप्पट बसतील. बसतात. मांडी घालून बसलेल्याला ५-६ चौरस फूट पुरतात, कीर्तनाला आपण बसतोच की. पण माणसं दुप्पट झाली तरी दारं तेवढीच राहतात, ३२२ ची. वर सतरंजीवर वाट राहत नाही, पहिल्या पंधरा मिनिटात ती भरून जाते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठायलाच वेळ लागतो. त्यात चपला. तीनशे माणसांच्या चपला मेन दाराच्या उंबऱ्यापाशी पडल्या की ५ फुटाच्या दारातून एका वेळी एकच माणूस पाय टाकायला जागा शोधत जातो. बैठक खालीच करायची असेल तर वाटा रंगीत टेपनं सतरंजीवर आखा, सतरंजीच दोन पट्ट्यात टाका म्हणजे मधली फरशी उघडी राहील, आणि चपला दारापासून लांब, मांडवाच्या कडेला.

इथपर्यंत सुरक्षित आकडा झाला. सोयीचा आकडा यापेक्षा खाली जाऊ शकतो, आणि मराठवाड्यात मे महिन्यात तो बहुतेक वेळा उकाड्यामुळं जातो. नुसतं बसलेलं माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतं. २३५ माणसं म्हणजे साडेतेवीस हजार वॅट, पाणी तापवायच्या दीड हजार वॅटच्या जवळपास सोळा रॉड हॉलमध्ये चालू ठेवल्यासारखं, आणि बाहेर ४२ डिग्री. आपली हवा कोरडी आहे म्हणून कूलर चांगला चालतो, पण कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, तर आतली हवा बाहेर जायला समोरच्या भिंतीच्या खिडक्या उघड्या पाहिजेत. प्रोजेक्टरवर दिसावं म्हणून सगळ्या खिडक्या लावून पडदे ओढले की तासाभरात आत दमट होतं, अंगाला चिकचिक होते, मागच्या रांगा उठून बाहेर जायला लागतात, आणि सगळे म्हणतात कूलर नीट नव्हता. कूलर नीट असतो, हवेला जायला वाट नसते. अशा हॉलमध्ये खुर्च्या कमी करण्याआधी मी वेळ बदलतो, सकाळी साडेआठ ते साडेअकरा. दुपारी २ चाच कार्यक्रम असेल आणि कूलरसमोरच्या खिडक्या उघडता येत नसतील तर मात्र २१० धरू नका, सरळ शेवटच्या तीन रांगा काढा. तसंच कूलरच्या आणि साउंडच्या वायरी वाटांवरून आडव्या जाऊ देऊ नका, भिंतीच्या कडेनं फिरवा.

संडास-बाथरूमचा हिशोब लोक करतच नाहीत. महिलांसाठी ३ संडास आहेत धरा. १५ मिनिटांचा चहाचा ब्रेक. एकीला अडीच मिनिटं धरली तर एका संडासात ६, तीनात मिळून १८. हॉलमध्ये शंभर मुली-महिला असतील आणि त्यातल्या एक तृतीयांश उठल्या तर ३३ जणी. १८ होतात, १५ रांगेत राहतात, आणि पुढचं सत्र अर्ध्या रिकाम्या हॉलसमोर सुरू होतं. त्यापेक्षा ब्रेक अर्ध्या तासाचा ठेवा. बाहेरगावाहून एसटीनं दीड-दोन तास प्रवास करून आलेल्या बायका-पोरी येणार असतील तर आल्या आल्या पण तेवढीच रांग लागणार, म्हणून नोंदणीची वेळ कार्यक्रमाच्या निदान पाऊण तास आधी द्या.

आता फॉर्म. २१० खुर्च्या आहेत म्हणून २१० नोंदण्या घ्यायच्या नाहीत. पुढच्या रांगेत वाटेच्या कडेच्या ४ खुर्च्या काढून तिथं दोन व्हीलचेअरची जागा ठेवा, राहिल्या २०६. शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक, पाहुण्यांसोबत आलेले, देणगीदार, यांच्यासाठी १० धरा, ही माणसं फॉर्म भरत नाहीत पण येतातच. १९६. अजून ६ मोकळ्या ठेवा, कारण एखादी खुर्ची मोडते, एखादी खांबामागं येते, एखादे आजोबा फॉर्म न भरता नातवासोबत येतात. नोंदणीसाठी उरल्या १९०.

आणि १९० म्हणजे माणसं, फॉर्म नव्हेत. आपल्याकडं पोरगं एकटं येत नाही. वडील येतात, नाहीतर आई आणि मामा, सोबत धाकटं भावंडं. प्रत्येकानं एक जण आणला तर ९५ व्या फॉर्मलाच हॉल भरला. म्हणून फॉर्ममध्ये "तुमच्यासह एकूण किती जण येणार" हा रकाना पाहिजेच, तो सक्तीचा पाहिजे, आणि त्यात दोनच पर्याय ठेवा, १ किंवा २. रोज संध्याकाळी त्या रकान्याची बेरीज बघायची, फॉर्मची संख्या नाही. बेरीज १९० ला गेली की मुख्य नोंदणी बंद, पुढच्यांना "प्रतीक्षा यादी" असं स्पष्ट लिहिलेला वेगळा फॉर्म.

यावर ठरलेला सल्ला येतो की फुकट कार्यक्रमाला निम्मे येतच नाहीत, तीनशे घ्या, दोनशे येतील. खरंय की सगळे येत नाहीत. पण किती येणार नाहीत हे पाऊस, परीक्षेचा निकाल, लग्नाची दाट तिथ, एसटी वेळेवर आहे का नाही यावर ठरतं, आणि ते आपल्याला महिनाभर आधी कळत नाही. तीनशेपैकी खरंच दोनशे ऐंशी आले तर ९० माणसं वाटांमध्ये उभी राहतात, कारण आत आलेल्या माणसाला कुणी बाहेर काढत नाही. त्याऐवजी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सगळ्यांना मेसेज करा, "येणार असाल तर उद्या संध्याकाळपर्यंत हो कळवा", उत्तर नाही आलं त्यांना फोन, आणि जितक्या जागा सुटतील तितक्याच प्रतीक्षा यादीतल्यांना द्या. काम वाढतं, दोन जण दोन संध्याकाळी बसले तरी होतं. आणि यादीच शंभराच्या वर गेली तर जास्त कोंबण्यापेक्षा सरळ दुसरं सत्र लावा, कार्यालय तर दिवसभरासाठी घेतलेलंच असतं.

त्या दिवशी दारावर एक माणूस फक्त मोजायला बसवा, मोबाइलवर किंवा वहीत रेघा मारत, आत गेले किती, बाहेर आले किती. त्याच्याकडं दोन आकडे लिहून द्या. पहिला २०६, खुर्च्या संपल्या. दुसरा २३५, कार्यकर्त्यांसह आतली सगळी माणसं, यापुढं कुणी ओळखीचा असो नाहीतर पुढारी, आत नाही. त्यासाठी बाहेर मांडवात ४० खुर्च्या, दोन फॅन आणि आतल्या साउंडचा एक स्पीकर आधीच लावून ठेवलेला असला तर त्या माणसाला नाही म्हणायला जड जात नाही, "दादा, आत जागा भरली, इथं बसा, सगळं ऐकू येतंय" एवढंच म्हणायचं असतं. आणि कुणी स्वतःच एखादी खुर्ची उचलून मधल्या वाटेत टाकायला लागला तर ती तिथल्या तिथं उचलायची, पहिली राहू दिली की दहा मिनिटात तिच्यामागं दहा येतात.